ब्लॅक बुकातून दोनशे शब्द: पूर्ण झालेल्या प्रकल्पाचा परिषदेसाठी सारांश कसा लिहावा

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात नेरुळ-वाशीच्या झेरॉक्सच्या दुकानांत काळ्या पुठ्ठ्याची, सोनेरी अक्षरांची ब्लॅक बुके, म्हणजे प्रकल्पाचे अहवाल, बांधून घेण्यासाठी अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांची गर्दी असते. त्या सत्तर-ऐंशी पानांच्या सुरुवातीला ॲबस्ट्रॅक्ट नावाचे एक पान असतेच. त्यामुळे एखाद्या परिषदेचे आवाहन आले आणि त्यात दोनशे शब्दांचा सारांश मागितला असला, की बहुतेक गट तेच पान उचलून, खालच्या चार ओळी कापून पाठवून देतात. नकाराचे पत्र आले की प्रकल्पच साधा होता अशी समजूत करून घेतली जाते. नवी मुंबईत प्रकल्पगटांना मार्गदर्शन करताना मी हे दरवर्षी पाहतो. माझ्या अनुभवात अशा नकारांपैकी निम्म्याहून अधिक वेळा दोष प्रकल्पाचा नसून त्या पानाचा असतो.

ब्लॅक बुकातील सारांश पुढे पुस्तकात काय आहे ते सांगतो. तो वाचणारा एक्स्टर्नल पुस्तक हातात घेऊन बसलेला असतो, उरलेले तो पान उलटून पाहू शकतो. परिषदेच्या परीक्षकासमोर मात्र त्या दोनशे शब्दांखेरीज काहीही नसते. काय शोधले, ते कसे कळले आणि त्यावर कितपत विश्वास ठेवावा, ही तिन्ही उत्तरे त्याला तिथेच मिळावी लागतात. म्हणून जुने पान कापून छोटे करण्याच्या भानगडीत न पडता सारांश नव्याने लिहावा. ते कसे करायचे हे एका गटाचे उदाहरण घेऊन सांगतो. समजायला सोपे जावे म्हणून त्यांच्या नोंदींतील काही तपशील मी गाळले आहेत.

आधी आवाहन नीट वाचा

हे काम दहा मिनिटांचे आहे, पण ते टाळल्याने चांगले सारांशही बाद होतात. मर्यादा शब्दांची आहे की अक्षरांची, हे आधी पाहावे, कारण काही फॉर्म जागांसह अक्षरे मोजतात. शीर्षक आणि कीवर्ड त्या मर्यादेत धरले आहेत का, सारांश एकाच परिच्छेदात हवा आहे की पार्श्वभूमी, पद्धत, निष्कर्ष अशा ठरावीक मथळ्यांखाली, आणि परीक्षण नावे झाकून होणार आहे का, या गोष्टी लिहून ठेवाव्यात. नावे झाकून परीक्षण असेल तर सारांशात महाविद्यालयाचे नाव येता कामा नये. ‘आमच्या महाविद्यालयाच्या गच्चीवर’ असे लिहून सोबत उपनगराचे नाव दिले, तरी ओळख उघड होते. आपल्या गटासमोरची मर्यादा एका परिच्छेदात इंग्रजी दोनशे शब्दांची होती आणि नावे झाकायची नव्हती.

एक वाक्य शोधा

प्रकल्प असा होता. नवी मुंबईचा बराचसा भाग खाडीकाठच्या सखल जमिनीवर वसलेला असल्याने सिडकोने शहर उभारताना ठिकठिकाणी धारण तलाव बांधले. भरतीच्या वेळी खाडीकडील झडपा पाण्याच्या दाबाने मिटतात, पावसाचे पाणी तलावात साठते आणि ओहोटी लागली की झडपा उघडून ते खाडीत जाते. चौघांच्या या गटाने अशाच एका तलावाच्या काठाला, परवानगी घेऊन, खांबावर अल्ट्रासोनिक सेन्सर बसवला. सेन्सर पाण्याकडे ध्वनीचा स्पंद सोडतो, प्रतिध्वनी परत येण्यास लागलेला वेळ मोजतो आणि त्यावरून अंतर काढतो. सोबत हवेचे तापमान मोजणारा सेन्सर, नियंत्रक, मोबाइलवर आकडे दाखवणारे ॲप आणि सौर पॅनेल असा सगळा सरंजाम होता. जुलै-ऑगस्टमधील 18 दिवस, दिवसाला सहा वेळा, त्यांनी तलावातील रंगवलेल्या पट्टीवरची पातळी डोळ्यांनी वाचून यंत्राच्या आकड्याशेजारी लिहिली.

त्यांच्या पहिल्या मसुद्याची सुरुवात ‘आजच्या धावपळीच्या युगात शहरीकरण झपाट्याने वाढत आहे’ अशी होती. शहरीकरण, हवामानबदल आणि स्मार्ट सिटी यांत साठ शब्द संपले होते. नंतरच्या नव्वद शब्दांत प्रत्येक सुट्या भागाचे नाव आणि मॉडेल क्रमांक होता. शेवटी ‘या यंत्रणेने 97.6 टक्के अचूकता दाखवली असून ती किफायतशीर व वापरण्यास सोपी आहे’ असे एक वाक्य होते. त्यात निष्कर्षाचा म्हणावा असा आकडा एकच आणि तोही फसवा.

97.6 टक्के कुठून आले, असे मी विचारले. सेन्सरपासून पाण्यापर्यंतचे अंतर साधारण 2 मीटर होते, सरासरी चूक 4.8 सेंटिमीटर होती, म्हणजे 2.4 टक्के चूक, आणि ती शंभरातून वजा केली. हिशेब बरोबर आहे, पण त्यावरून वाचकाला काहीच कळत नाही. तीच 4.8 सेंटिमीटरची चूक 4 मीटर अंतरावर आली असती, तर ती 98.8 टक्के अचूकता म्हणून मिरवली असती. पाणीपातळीच्या कामात चूक सेंटिमीटरमध्ये सांगायची असते. टक्केवारी दिसली की ती कशाची, हे स्वतःला विचारावे आणि मूळ एकक उपलब्ध असेल तर तेच लिहावे.

मग दुसरा प्रश्न आला. तापमानाचा सेन्सर बसवलेला असताना चूक पाच सेंटिमीटरच्या घरात कशी? उत्तर कोडमध्ये होते. ॲपवर दिसणारा आकडा या ओळीतून येत होता:

```
distance = duration * 0.034 / 2;
```

इंटरनेटवरील बहुतेक नमुना प्रोग्रॅममध्ये हीच ओळ असते. 0.034 म्हणजे ध्वनीचा वेग सेंटिमीटर प्रति मायक्रोसेकंदात, म्हणजेच 340 मीटर प्रतिसेकंद. हवेत 0 अंश सेल्सियसला ध्वनीचा वेग सुमारे 331 मीटर प्रतिसेकंद असतो आणि दर अंशामागे तो साधारण 0.6 ने वाढतो. पावसाळ्यातल्या 29 अंशांना तो 349 च्या आसपास जातो. 340 आणि 349 यांतील फरक अडीच टक्क्यांचा आहे आणि 2 मीटर अंतरावर त्याचे 5 सेंटिमीटर होतात. तापमान मोजले जात होते, साठवलेही जात होते, पण दुरुस्तीचे सूत्र गटाने नंतर वेगळ्या फाइलमध्ये लावले होते आणि ते प्रकरण ब्लॅक बुकात 58 व्या पानावर पडून होते. तिथे चूक 1.5 सेंटिमीटर होती. गट आनंदला आणि ‘तापमान-दुरुस्तीमुळे चूक 4.8 वरून 1.5 सेंटिमीटरवर आली’ हे आपले एक वाक्य म्हणून पुढे केले.

इथे थोडे थांबावे लागले, कारण चाणाक्ष परीक्षक याच वाक्यावर बोट ठेवतो. 340 हा आकडाच या हवेसाठी चुकीचा होता. मग सुधारणा तापमान सतत मोजल्यामुळे झाली, की चुकीच्या आकड्याच्या जागी बरोबर आकडा आल्यामुळे? दोन्हींचा वाटा वेगळा करायला नवे मोजमाप लागत नव्हते, कच्च्या नोंदी हाताशी होत्या. यंत्र बसवले त्या दिवशी, म्हणजे 18 दिवसांची तुलना सुरू होण्याआधी, टेपने मोजलेल्या अंतरावरून वेग एकदाच ठरवायचा आणि तोच आकडा सगळ्या नोंदींना लावायचा, एवढा हिशेब एका दुपारी झाला. चूक 1.8 सेंटिमीटर आली. म्हणजे 4.8 वरून 1.8 पर्यंतची घट एकदाच्या कॅलिब्रेशनची होती आणि तापमान सेन्सरच्या वाट्याला 0.3 सेंटिमीटर उरले. ज्या पट्टीशी तुलना केली ती 1 सेंटिमीटरपर्यंतच वाचता येत होती, तेव्हा त्या 0.3 वरही फार भार टाकता येत नव्हता.

गटातील एका मुलीचा चेहरा पडला, कारण तापमानाचा भाग तिचा होता. प्रत्यक्षात मात्र त्यांच्या हाती आधीपेक्षा चांगले वाक्य आले होते: किनारी पावसाळ्यात, तापमान थोडेच वर-खाली होत असताना, जागेवर एकदा कॅलिब्रेशन केले तर तापमान सेन्सरची फारशी गरज उरत नाही. तापमान-दुरुस्तीने अचूकता वाढते हे परीक्षकाला आधीच ठाऊक असते. ती कुठे वाढत नाही, हे त्याला नवे आहे.

तुमच्या प्रकल्पातील असे वाक्य शोधण्यासाठी ब्लॅक बुकाचा पहिला अध्याय उघडू नका, निष्कर्षांचे तक्ते उघडा. प्रत्येक तक्त्यासमोर ‘कशाच्या तुलनेत?’ असे लिहा. ज्या आकड्यासमोर तुलनेची दुसरी बाजू लिहिता येत नाही, तो सारांशात नेण्याजोगा नाही. तुलनेची बाजू मुद्दाम दुबळी घेतली आहे का, हेही पाहावे. आपल्या गटाने 340 घेतला तो मुद्दाम नव्हे, नकळत. पण वाचणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसते.

शेवटाकडून लिहा, आणि आधी मराठीत

वाक्य सापडले की लिखाण त्या वाक्यापासून सुरू करावे. आधी निष्कर्षाची दोन-तीन वाक्ये लिहावीत. मग तो निष्कर्ष कसा मिळाला हे पटण्यापुरती पद्धत, त्यानंतर प्रश्न, आणि सर्वांत शेवटी पार्श्वभूमी. मांडताना क्रम पुन्हा सरळ करायचा. असे केल्याने पार्श्वभूमीला उरलेलीच जागा मिळते आणि साठ शब्दांचे शहरीकरण आपोआप गळून पडते. इंग्रजी दोनशे शब्दांत मी साधारण चाळीस शब्द पार्श्वभूमीला, वीस प्रश्नाला, साठ पद्धतीला आणि उरलेले ऐंशी निष्कर्ष व मर्यादेला देतो. हे प्रमाण प्रकल्पागणिक थोडे हलते, पण निष्कर्षाचा वाटा सर्वांत मोठा राहिला पाहिजे.

सारांश जाणार इंग्रजीत, तरी पहिला मसुदा मराठीत लिहावा असा माझा आग्रह असतो. विद्यार्थ्यांना तो सुरुवातीला विचित्र वाटतो. इंग्रजीत लिहिताना ऐकलेली तयार वाक्ये हाताशी येतात आणि अर्थ कळला नसला तरी पान भरते. मराठीत ‘कार्यक्षम व मजबूत यंत्रणा’ असे लिहिले की ते लगेच पोकळ ऐकू येते. मोजताना एक भान ठेवावे: मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटतात, त्यामुळे तोच मजकूर मराठीत साधारण पाऊणपट शब्दांत बसतो. इंग्रजी दोनशेसाठी मराठीत दीडशेच्या आसपास थांबावे. गटाचा मराठी मसुदा चार फेऱ्यांनंतर असा झाला:

> खाडीकाठच्या धारण तलावाची पाणीपातळी पट्टीवर डोळ्यांनी वाचली, तर भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आल्यावर सलग नोंद मिळत नाही. साधा अल्ट्रासोनिक सेन्सर हा पर्याय आहे, पण हवेच्या तापमानानुसार ध्वनीचा वेग बदलत असल्याने त्यासोबत तापमान सेन्सर जोडण्याची पद्धत आहे. किनारी भागातील पावसाळ्यात तापमान थोडेच बदलत असताना या जोडणीचा प्रत्यक्ष फायदा किती, हे आम्ही तपासले. नवी मुंबईतील एका धारण तलावावर, पाण्यापासून 1.2 ते 2.4 मीटर उंचीवर सेन्सर बसवून, जुलै-ऑगस्टमधील 18 दिवसांत दिवसा घेतलेल्या 99 नोंदींची पट्टीवरील वाचनाशी तुलना केली. एकाच कच्च्या नोंदीवर तीन हिशेब केले: ध्वनीचा वेग 340 मीटर प्रतिसेकंद धरून, बसवण्याच्या दिवशी ठरवलेला वेग धरून आणि प्रत्येक वेळच्या तापमानानुसार वेग बदलून. सरासरी निरपेक्ष त्रुटी अनुक्रमे 4.8, 1.8 आणि 1.5 सेंटिमीटर आली. त्रुटीतील बहुतांश घट जागेवर एकदाच केलेल्या कॅलिब्रेशनने मिळाली. पट्टी 1 सेंटिमीटरपर्यंतच वाचता येत असल्याने उरलेला फरक निर्णायक मानता येत नाही. एकूण 108 वाचनांपैकी 9 वेळा, मुसळधार पावसात, प्रतिध्वनी मिळाला नाही. अशा हवामानात तापमान सेन्सर वगळून यंत्रणा सोपी करता येईल, मात्र अतिवृष्टीतील नोंदींसाठी वेगळा उपाय लागेल.

यात काय नाही ते आधी पाहा. ॲप नाही, सौर पॅनेल नाही, नियंत्रकाचे नाव नाही. ज्याने दोन महिने ॲपवर घालवले त्या मुलाला हे खटकले आणि ते स्वाभाविक होते. कसोटी मात्र सोपी आहे: ती गोष्ट बदलली असती तर निष्कर्षाचा आकडा बदलला असता का? ॲपऐवजी कागदावर आकडे उतरवले असते तरी 1.8 च आले असते, म्हणून ॲप पूर्ण निबंधात जाईल, सारांशात नाही. सेन्सरची उंची बदलली असती तर चूक बदलली असती, म्हणून 1.2 ते 2.4 मीटर हा तपशील राहिला. त्याच कारणाने ‘दिवसा’ हा एक शब्दही राहिला आहे. रात्रीच्या तापमानाबद्दल या नोंदी काही सांगत नाहीत आणि तो शब्द गाळला असता तर दावा नकळत दुप्पट झाला असता.

सर्वांत जास्त वाद पावसातल्या 9 वाचनांवर झाला. 108 पैकी 9 हुकली हे सांगितले तर नकार येईल, अशी भीती गटाला होती. पण 99 हा आकडा लिहिला की 18 दिवस आणि दिवसाला सहा यांचा गुणाकार परीक्षक पूर्ण निबंधात करतोच, आणि उरलेली 9 कुठे गेली हे मग तो विचारतो. शिवाय ही वाचने सरींतच हुकली, म्हणजे यंत्राची गरज सर्वाधिक असते तेव्हा. ही मर्यादा लपवलेला सारांश दिशाभूल करणारा ठरतो. मर्यादेला दहा शब्द पुरतात, पण ती नेमकी हवी. ‘काही मर्यादा आहेत’ असे म्हणून भागत नाही.

इंग्रजीत नेताना

भाषांतर करताना पहिला अडथळा काळाचा असतो. सातव्या सत्रात लिहिलेल्या प्रस्तावातून वाक्ये उचलली गेल्याने पूर्ण झालेल्या प्रकल्पाच्या सारांशातही ‘विल बी’ शिल्लक राहते. परीक्षकाला मग काम झालेच नाही असे वाटते. जे केले ते भूतकाळात, जे कायम खरे आहे ते वर्तमानकाळात लिहावे. ‘प्रपोज्ड सिस्टिम’ हा आपल्याकडचा लाडका शब्दप्रयोगही याच प्रस्तावाचा अवशेष आहे. 18 दिवस तलावावर चाललेली यंत्रणा प्रस्तावित नसते. संपूर्ण मसुद्यात हे दोन शब्द शोधून काढावेत. माझ्याकडे आलेल्या एका सारांशात ते सात वेळा होते.

दुसरी गोष्ट शब्द वाचवण्याची. गटाचा पहिला इंग्रजी मसुदा 231 शब्दांचा झाला. 31 शब्द कमी करायचे म्हणजे एक वाक्य उडवायचे, असे त्यांना वाटले आणि मर्यादेच्या वाक्याकडे हात गेला. त्याआधी भरणा शोधावा. ‘ड्यू टू द फॅक्ट दॅट’ हे पाच शब्द ‘बिकॉज’ या एका शब्दाचे काम करतात. ‘इन ऑर्डर टू’ मधले पहिले दोन शब्द जाऊ शकतात. ‘इट वॉज ऑब्झर्व्ड दॅट’ पूर्णच जाते, कारण आकडा दिला म्हणजे तो पाहिलाच होता. ‘परफॉर्म्ड अ कंपॅरिझन ऑफ’ ऐवजी ‘कंपेअर्ड’ पुरते. अशा कापणीत 22 शब्द गेले आणि एकही माहिती गेली नाही. उरलेले 9 शब्द पार्श्वभूमीच्या वाक्यातील विशेषणांनी दिले. ‘नॉव्हेल’, ‘रोबस्ट’, ‘कॉस्ट-इफेक्टिव्ह’ आणि ‘युझर-फ्रेंडली’ ही चार विशेषणे आकड्याशिवाय आली तर ती काढावीत. स्वस्त म्हणायचे असेल तर खर्च रुपयांत आणि कशाच्या तुलनेत स्वस्त, हेही लिहावे लागते. गटाने पर्यायी उपकरणाची किंमत शोधली नव्हती, म्हणून आपल्या सारांशात ‘स्वस्त’ हा शब्दच नाही, ‘साधा’ आहे.

संक्षेप वापरून शब्द वाचवण्याचा मोह आवरावा. संक्षेप पहिल्यांदा वापरताना पूर्ण रूप द्यावे लागते, त्यामुळे तो तीन-चार वेळा येणार नसेल तर बचत होतच नाही. त्याचप्रमाणे संख्या आणि एकक जोडून लिहून मोजणी फसवू नये. अशी चिकटपट्टी लगेच दिसते आणि उगाच वाईट मत होते.

चिन्हांबाबतही सावध राहावे. आयईईईच्या परिषद-नमुन्यातच शीर्षकात व सारांशात चिन्हे, विशेष अक्षरे, तळटीपा आणि गणिती सूत्रे नकोत अशी स्पष्ट सूचना आहे. तो नमुना तुमच्या परिषदेने घेतला नसला तरी ती पाळावी, कारण फॉर्मच्या चौकटीत चिकटवताना अंशाचे चिन्ह, मायक्रोचे चिन्ह आणि अधिक-उणे यांची जागा अनेकदा प्रश्नचिन्ह घेते. संदर्भाचे चौकोनी कंसही सारांशात ठेवू नयेत, कारण तिथे संदर्भसूची नसते आणि कंसातला आकडा कुठेच बोट दाखवत नाही.

शीर्षक, मोजणी आणि फॉर्म

शीर्षक शेवटी लिहावे. ब्लॅक बुकावरचे शीर्षक होते ‘आयओटीवर आधारित स्मार्ट पूर निरीक्षण यंत्रणा’. त्यातील ‘स्मार्ट’ आणि ‘आयओटी’ यांचा निष्कर्षाशी संबंध नाही, आणि ‘पूर’ तर त्या 18 दिवसांत आलाच नव्हता. नवे शीर्षक झाले ‘धारण तलावातील अल्ट्रासोनिक पातळीमापनात तापमान-दुरुस्तीची गरज: किनारी पावसाळ्यातील तुलना’. ते थोडे जड आहे, मान्य. पण योग्य विषयाच्या परीक्षकाकडे तो सारांश याच शीर्षकामुळे जातो. शीर्षकातले शब्दच कीवर्ड म्हणून पुन्हा भरून जागा वाया घालवू नये. शीर्षकात न बसलेले, पण शोधणारा माणूस टाइप करील असे शब्द तिथे द्यावेत.

मोजणी दोन ठिकाणी करावी. लेटेकमध्ये लिहिले असेल तर आज्ञा काढून टाकून मोजणे सोयीचे पडते:

```
detex abstract.tex | wc -w
```

वर्डमध्ये मजकूर निवडला की खालच्या पट्टीत आकडा दिसतो. तरी फॉर्मची मोजणी शेवटची मानावी, कारण जोडरेघेचा शब्द कोणी एक धरतो, कोणी दोन. म्हणून मर्यादेच्या चार-पाच शब्द खाली राहावे. आणखी चार शब्द काढून आपला सारांश 196 शब्दांवर थांबला. मजकूर आधी साध्या टेक्स्ट फाइलमध्ये चिकटवून मग फॉर्ममध्ये न्यावा, म्हणजे वर्डची वाकडी अवतरणचिन्हे आणि अदृश्य स्वरूपण मागे राहते. जमा केल्यावर येणारी प्रत उघडून पहिल्यापासून वाचावी. आपल्या गटाच्या प्रतीत दशांशचिन्हानंतर एक जागा घुसून ‘1. 8’ झाले होते.

पाठवण्याआधी चौघांची आणि गाइडची ईमेलवर लेखी संमती घ्यावी आणि नावांचा क्रम तेव्हाच ठरवावा. स्वीकृतीनंतर त्यावरून होणारे वाद मी पाहिले आहेत आणि ते परिषदेपर्यंत मिटत नाहीत. तोच सारांश एकाच वेळी दोन परिषदांना पाठवू नये. आणि चोवीस तासांत स्वीकृती व लगेच नोंदणी शुल्काची मागणी अशी ईमेल आली, तर आनंदाने भरणा करण्याआधी ती गाइडला दाखवावी, कारण एवढ्या वेळात कोणीही सारांश तपासत नाही.

पाठवल्यानंतरही सारांशाची फाइल बंद करू नये. आपल्या गटाला स्वीकृती मिळाली आणि पूर्ण निबंध लिहिताना तक्ता पुन्हा तपासला, तेव्हा दोन नोंदी चुकून दुबार उतरल्याचे आढळले. त्या काढल्यावर तुलनेसाठी 97 नोंदी उरल्या, एकूण वाचने 106 झाली आणि मधला आकडा 1.8 वरून 1.7 झाला. निष्कर्षाला धक्का लागला नाही, पण अंतिम प्रत पाठवताना निबंधातील सारांशात तिन्ही आकडे बदलले, आयोजकांना ईमेल करून फॉर्ममधला सारांशही बदलून घेतला आणि तक्त्याखाली कारण एका ओळीत लिहिले.